काड्यापेटीएवढा फ्लेक्स

गादीवाल्या शेठनी खिशातून कागद काढला, उलगडला, पुन्हा उलगडला आणि तिसऱ्यांदा उलगडून काउंटरवर तळहाताने सपाट केला, तेव्हाच पेंटरांनी ओळखलं की आपला चहा आज गार होणार.

"सणाच्या सेलच्या फ्लेक्सचा मजकूर," शेठ म्हणाले. "थोडक्यात लिहिलाय."

कागद दोन्ही बाजूंनी भरला होता.

पेंटर दाराजवळच्या उंच स्टुलावर बसले होते. हा स्टूल म्हणजे त्या दुकानाची गादी, सिंहासन, काय म्हणाल ते. पस्तीस वर्षं त्यांनी हाताने पाट्या रंगवल्या. या बाजारातली निम्मी दुकानं त्यांच्या अक्षरात स्वतःचं नाव मिरवत होती. मग फ्लेक्सचं मशीन आलं, ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात उभे राहून वाळले, आणि पुतणीने फ्लेक्स छापण्याचं दुकान काढलं तेव्हा काकांना या स्टुलावर आणून बसवलं. काम एकच. मशीनवर जाण्याआधी प्रत्येक नमुना काकांच्या डोळ्यांखालून जायचा. ते "जाऊ दे" म्हणाले की मशीन सुरू. नाही म्हणाले तर गिऱ्हाईक कितीही मोठं असो, ते पुन्हा बसून विचार करायचं. पेंटर अशा वेळी फार रुबाबात असत. त्यांना स्वतःलाही ते आवडत असे, आणि ते लपवण्याचा त्यांनी कधी प्रयत्न केला नव्हता.

लपवत होते ते वेगळंच.

उजव्या डोळ्यासमोर वर्षभरापासून धुकं होतं. डावाही त्याच वाटेने निघाला होता. डॉक्टरकडे ते गुपचूप एकटे जाऊन आले होते. मोतीबिंदू, डॉक्टर म्हणाला, काढून टाकू, हल्ली काही नसतं त्यात. डॉक्टरला काही नसेल. पण पेंटरची नजर गेली ही बातमी या बाजारात एका दुपारात शेवटच्या दुकानापर्यंत पोचली असती, आणि स्टुलावर उद्या दुसरं कोणीतरी बसलं असतं. म्हणून काकांनी डॉक्टरचा कागद रंगांच्या जुन्या शेड-कार्डांच्या फाइलमध्ये ठेवला होता. ती फाइल कोणी उघडत नाही.

संकट गेल्या महिन्यात येऊन गेलं होतं. एका दातांच्या डॉक्टरांचा मोठा फ्लेक्स काकांनी "जाऊ दे" म्हटला, आणि तो गेला. चौकात चढलासुद्धा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला की बाकी सगळं छान आहे, पण खाली कोपऱ्यात 'इथे फोन नंबर टाकणे' असं छापलंय. काकांनी ती ओळ पाहिलीच नव्हती. पाहिली असती तरी दिसली नसती. पुतणीने नवा फ्लेक्स फुकट छापून दिला, आवाज चढवला नाही, आणि संध्याकाळी शटर ओढताना एवढंच म्हणाली, "काका, हा सणाचा हंगाम तुम्ही बघा. मग नमुने मी पास करत जाईन. तुम्ही आराम करा."

आराम करा! पेंटरांच्या मते माणसाला एवढी वाईट शिवी दुसरी नाही.

तर अशा हंगामातला हा पहिला मोठा कागद. काउंटरमागून पुतणीने तो उचलला आणि वाचायला घेतला. "परमपूज्य आजोबांच्या आशीर्वादाने... तीन पिढ्यांचा विश्वास... आता आपल्या सेवेत... भव्य, दिव्य, अभूतपूर्व..."

"हे 'अभूतपूर्व' माझं नाही," शेठ घाईने म्हणाले. "ते मेहुण्यांचं."

मेहुणे शेठच्या मागेच उभे होते. शेठच्या बायकोचा धाकटा भाऊ. एका कंपनीच्या जाहिरात विभागात नोकरीला, त्यामुळे घरातल्या सगळ्या कागदांवर त्यांचा शेवटचा हात फिरायचा, लग्नपत्रिकेपासून पाण्याच्या तक्रारीपर्यंत. बायकोचा भाऊ असल्यामुळे शेठ त्यांना नाही म्हणू शकत नव्हते, आणि नाही म्हणता येत नाही म्हणून जरा जास्तच हो म्हणत होते.

"मी डिझाइनच करून आणलंय," मेहुण्यांनी मोबाइल पुढे केला. "ताई, तुम्ही फक्त छापा."

मोबाइलवर सोनेरी पार्श्वभूमी होती, तिच्यावर पांढऱ्या पलंगावर हसत झोपलेलं एक जोडपं, चारही कोपऱ्यांत फुलं, उजवीकडे गाद्यांचे अकरा प्रकार, डावीकडे तीन फोन नंबर, आणि मधोमध सात रंगांत मजकूर. खरं तर झोपेत माणूस इतका हसत नाही. हसला तर घरचे घाबरतात.

"किती शब्द झाले?" पेंटरांनी विचारलं.

पुतणीने मोजले. "त्रेसष्ट."

"लावणार कुठे?"

"दुकानावर, पहिल्या मजल्याच्या कठड्याला," शेठ म्हणाले. "बारा बाय आठ."

"आणि वाचणार कोण?"

"म्हणजे? लोक!"

"लोक कुठे उभे असतात, शेठ?"

शेठनी विचार केला. आयुष्यभर ते दुकानाच्या आत बसून बाहेर बघत आले होते. बाहेरून आत कोण कुठून बघतं, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडत होता. "समोर बसस्टॉप आहे," ते शेवटी म्हणाले. "रस्ता रुंद केला ना, मधे दुभाजक टाकला. आता गिऱ्हाईक तिकडेच उतरतं आणि तिकडूनच घरी जातं. म्हणून तर फ्लेक्स लावायचाय. या सेलमध्ये माल हलला नाही तर गोदामात मलाच गाद्यांवर झोपायला लागेल."

"मग स्टॉपपासून कठडा दीडशे फूट धरा," पेंटर म्हणाले. "पोरी, काड्यापेटी दे."

पुतणीने खणातून काड्यापेटी काढली. हा प्रयोग तिला पाठ होता. तिने मेहुण्यांचं डिझाइन मोबाइलवरून संगणकात घेतलं, काड्यापेटीच्या मापाचं करून छोट्या प्रिंटरवर छापलं, कापलं आणि पेटीवर चिकटवून मेहुण्यांच्या हातात दिलं.

"हात लांब करा," पेंटर म्हणाले. "पूर्ण. कोपर वाकवू नका. आता वाचा. दीडशे फुटांवरून बारा फुटी फ्लेक्स एवढाच दिसतो. तुमच्या हाताच्या टोकाला काड्यापेटी धरली की बाजार तुमच्या हातात आला."

मेहुण्यांनी हात लांब केला. डोळे बारीक केले. मग नकळत कोपर वाकलं.

"सरळ!"

"प्रिंट खराब आहे," मेहुणे म्हणाले आणि सवयीने पेटीवर अंगठा आणि तर्जनी ठेवून फाकवली.

"रस्त्यावर असं मोठं होत नाही हो," पेंटर शांतपणे म्हणाले. "तिथे माणसाला दुभाजक ओलांडून यावं लागतं."

पुतणीने हसू आवरत भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. तिथे लिहिलं होतं: दर दहा फुटांना एक इंच अक्षर. "दीडशे फुटांना पंधरा इंचांचं अक्षर हवं, दादा, ते सुद्धा कमीत कमी. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या, खाली उकार, म्हणजे ओळींमध्ये जागा सोडायला लागते. आठ फूट उंचीत तीन ओळी बसतात. चौथी बसते, पण मग चारही गुदमरतात."

"तीन ओळींत काय होणार?" शेठ हबकले. "आजोबांचं नावच दीड ओळ आहे."

"आजोबा खाली पाटीवर आहेत," पेंटर म्हणाले. "मीच रंगवलेत, तीस वर्षांपूर्वी. फ्लेक्स बरोबर पाटीच्या वर येणार. खाली नाव असताना वर पुन्हा कशाला? फक्त फ्लेक्स खाली लोंबून पाटी झाकता कामा नये. लोक सेल वाचतात आणि दुकान शोधत पुढे निघून जातात, असं मी पाहिलंय."

मग कापाकापी सुरू झाली. तीन पिढ्यांचा विश्वास गेला. तो दिसला नाही तरी दुकानाच्या रंगावरून कळतो, असं पेंटरांचं मत पडलं. फोन नंबर गेले, कारण समोर उभा असलेला माणूस फोन करत नाही, चालत येतो. अकरा प्रकार गेले. 'आमची कुठेही शाखा नाही' हे जाताना शेठ जरा हळवे झाले.

"अहो, पण ते आमच्याकडे पहिल्यापासून आहे."

"शाखा नाही हे तुम्ही एवढ्या अभिमानाने का सांगता, मला कधी कळलं नाही," पुतणी म्हणाली.

आता उरलं 'पन्नास टक्क्यांपर्यंत सूट'. मेहुण्यांच्या डिझाइनमध्ये 'पन्नास' ढबू मिरचीएवढं होतं आणि 'पर्यंत' मोहरीएवढं.

"पर्यंत एवढंसं का?" पेंटरांनी विचारलं.

"तसंच असतं," मेहुणे म्हणाले. "सगळीकडे."

"पन्नास टक्के कशावर आहे, शेठ?"

शेठनी छताकडे पाहिलं. "ती काचेतली गादी. शोकेसमधली. तीन वर्षं ऊन खाल्लंय तिने."

"म्हणजे एका गादीवर. माणूस दुभाजक ओलांडून, जीव मुठीत धरून येणार, आणि तुम्ही त्याला मोहरी दाखवणार. तो चिडून जाईल, आणि घरी जाऊन चौघांना सांगेल. सगळ्या गाद्यांवर सरसकट किती सोडवेल?"

"वीस. वीस आरामात सोडवेल."

"वीस!" मेहुणे किंचाळायचे बाकी होते. "भाऊजी, समोरच्या पडद्यावाल्याने साठ लावलंय!"

"साठ पर्यंत," पेंटर म्हणाले. "आणि साडेतीन फुटांचं वीस हे एक फुटाच्या साठपेक्षा मोठं असतं. गणितात नसेल. रस्त्यावर असतं."

त्यांनी पुतणीकडून जाड मार्कर घेतला आणि कागदाच्या मागे, जिथे थोडी जागा उरली होती तिथे, तीन ओळी लिहिल्या.

सर्व गाद्या
२०% सूट
रविवारपर्यंत

"पिवळ्यावर काळं," ते म्हणाले. "लाल नको. संध्याकाळी लाल काळवंडतं, आणि गिऱ्हाईक संध्याकाळीच उतरतं. अक्षर जाड, पण फार जाड नको, नाहीतर अक्षरांची पोटं भरतात आणि 'ब' आणि 'व' सख्खे भाऊ होतात."

शेठना तीन ओळी पटल्या होत्या, चेहऱ्यावर दिसत होतं. पण पाठीमागे मेहुणे होते, आणि मेहुण्यांच्या पाठीमागे, घरी, शेठची बायको होती. शेठनी तोडगा काढला. असा तोडगा ज्यात कोणालाच नाही म्हणावं लागत नाही. "दोन्ही छापा. उद्या सकाळी दोन्ही आळीपाळीने कठड्याला लावून बघू. स्टॉपवर उभं राहून. जो वाचता येईल तो ठेवू."

"वाचणार कोण?" मेहुण्यांनी विचारलं. "मी वाचलं तर म्हणाल, स्वतःचंच वाचतोय."

"काका वाचतील," पुतणी सहज म्हणाली. "या बाजारात काकांच्या नजरेवर कोणाचा वाद नाही."

पेंटरांनी गार चहा एका घोटात पिऊन टाकला.

दुपारी मशीन चालू झालं. शाईचा उग्र वास पसरला, छपाईचं डोकं डावीउजवीकडे धावू लागलं, आणि मेहुण्यांचं झोपलेलं जोडपं पायांकडून हळूहळू जन्माला येऊ लागलं. पुतणी कडा गरम करून चिकटवत होती, रिंगा ठोकत होती. पेंटर मागच्या खोलीत बसले होते. एका हातात मेहुण्यांच्या मजकुराचा कागद, दुसऱ्या हातात भिंग.

ते पाठ करत होते.

लहानपणीसुद्धा त्यांनी कधी एवढं पाठ केलं नव्हतं. अभूतपूर्व. कापूस, फोम, स्प्रिंग, काथ्या. तीनही फोन नंबर. अटी लागू. उद्या बसस्टॉपवर उभं राहून खडाखडा म्हणून दाखवायचं, कोणाला संशय येणार नाही, की झालं. स्टूल राहिला. अडतिसाव्या शब्दावर त्यांना थोडं अभिमानाचंही वाटलं. या वयात स्मरणशक्ती अशी!

त्रेसष्टावा शब्द संपला आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करतोय. उद्या आपण मेहुण्यांचा फ्लेक्स खडाखडा वाचला, म्हणजे तो वाचता येतो हे आपणच सिद्ध केलं. मग तोच कठड्यावर राहणार. आपल्या तोंडाने पास झालेला. ज्याला आपण अर्धा दिवस नाही म्हटलं, तोच.

आणि न वाचावा तर मेहुणे विचारणार, का हो, दिसत नाही?

पेंटर बराच वेळ भिंग पुसत बसले. भिंग स्वच्छच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बसस्टॉपवर मंडळी जमली. शेठ, मेहुणे, पुतणी, पेंटर. शिवाय शेठच्या आई. वय चौऱ्याहत्तर, गुडघ्यांना पट्टे, नाकावर जाड चष्मा. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. देवळातून परत येताना बसायला जागा दिसली म्हणून त्या स्टॉपच्या बाकावर टेकल्या होत्या आणि मुलगा भर धंद्याच्या वेळी रस्त्यावर काय करतोय ते बघत होत्या. फ्लेक्स त्यांनी पाहिला नव्हता. घरात त्यांना कोणी काही दाखवत नसे, नंतर विचारत मात्र सगळे असत.

पलीकडे दोन फिटर कठड्यावर चढले. मेहुण्यांचा फ्लेक्स उलगडला, दोऱ्या रिंगांतून ओवल्या, ताणून बांधल्या. सोनेरी चौकोन उन्हात चमकला.

"वा!" मेहुणे म्हणाले आणि राहवेना म्हणून स्वतःच वाचायला लागले. "परमपूज्य आजोबांच्या आशीर्वादाने, तीन पिढ्यांचा विश्वास..." ते अटी लागूपर्यंत न थांबता पोचले. "दिसतंय की सगळं! काका, आता तुम्ही."

पेंटरांनी समोर पाहिलं. तोंडात त्रेसष्ट शब्द तयार होते. रांगेत उभे होते, पहिला तर जिभेवर येऊन थांबला होता. पुतणी त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर विश्वास होता, आणि नेमका त्यानेच घोटाळा केला.

"मला एक सोनेरी शाल दिसतेय," पेंटर म्हणाले. "तिच्यावर काहीतरी सांडलंय."

"बस?"

"बस."

मेहुणे हुशार होते. जाहिरात विभागात उगाच नव्हते. त्यांनी रस्त्याच्या टोकाला सिग्नलवर उभ्या असलेल्या बसकडे बोट दाखवलं. "काका, त्या बसचा नंबर सांगा बरं."

बस पेंटरांना दिसत होती. बसच आहे एवढं दिसत होतं.

पुतणीने बसकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि तिच्या डोळ्यांत दातांच्या डॉक्टरांचा फ्लेक्स एकदम उभा राहिला. "काका," ती हळूच म्हणाली, "किती दिवस झाले?"

"वर्ष. मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे."

"आणि मला सांगितलं नाहीत!"

"सांगितलं असतं तर तू आराम करा म्हणाली असतीस. न सांगताच म्हणालीस."

"म्हणजे दोष फ्लेक्समध्ये नाही, डोळ्यांत आहे," मेहुणे म्हणाले. विजय मोठा असल्यामुळे आवाज त्यांनी मोठ्या मनाने लहान ठेवला. "भाऊजी, विषय संपला. माझाच राहू दे."

गंमत अशी की पेंटरांना एकदम हलकं वाटलं. वर्षभर पाठीवर वागवलेलं पोतं खाली ठेवल्यासारखं. आणि पोतं खाली ठेवलं की माणूस ताठ उभा राहतो, तसे ते राहिले.

"विषय आत्ता सुरू होतोय," ते म्हणाले. "माझे डोळे अधू आहेत, कबूल. आता तुम्ही सांगा, शेठ. तुमच्याकडे गादी घ्यायला कोण येतं? वीस वर्षांची पोरं? ती जमिनीवर झोपली तरी सकाळी उड्या मारत उठतात. गादी घेतो तो पाठ धरलेला माणूस. कंबर गेलेला. पन्नाशी ओलांडलेला. आणि ज्याची कंबर गेली त्याचे डोळे काय तुमच्या मेहुण्यांसाठी थांबलेत? तुमचं गिऱ्हाईक माझ्याच डोळ्यांनी बघतं. मी वाचलं तर ते वाचेल."

शेठ तोंड उघडून मेहुण्यांकडे वळले, मग तोंड मिटून पेंटरांकडे वळले.

"बोलायला ठीक आहे," मेहुणे म्हणाले. "पण तुमच्या तीन ओळी तुम्हाला पाठ आहेत. तुम्ही वाचलंत तर कशावरून दिसलं म्हणून वाचलंत?"

"बरोबर," पेंटर म्हणाले. "मी वाचणारच नाही. तुम्हीही नका. त्या वाचतील." त्यांनी बाकाकडे बोट केलं. "आजी, समोर काय लावलंय, दिसतं का?"

शेठच्या आईंनी चष्मा नाकावर ठीक केला. पलीकडे बराच वेळ पाहिलं.

"कोणाचं तरी लग्न दिसतंय," त्या म्हणाल्या. "नवरानवरी आहेत. फुलं आहेत. आपल्या दुकानावर कोणी लावलं रे? विचारलं का त्यांनी?"

शेठनी डोळे मिटून घेतले. पेंटरांनी फिटरना हात केला. सोनेरी फ्लेक्स उतरला, आणि मेहुण्यांच्या जोडप्याची झोप गुंडाळीत गेली. पिवळा चौकोन वर चढला. एक फिटर डावीकडची दोरी ताणत होता, फ्लेक्स अजून पूर्ण सपाटही झाला नव्हता.

"सर्व गाद्या," आई म्हणाल्या. चष्म्याला हातही लावला नाही. "वीस टक्के सूट. रविवारपर्यंत."

सिग्नलवरची बस येऊन थांबली आणि एक गृहस्थ कमरेवर हात ठेवून, एकेक पायरी जपून, खाली उतरले. त्यांनी समोर पाहिलं, मग दुभाजकाकडे पाहिलं, आणि रस्ता ओलांडायला सिग्नलच्या दिशेने चालू लागले.

"अरे पण," आई मुलाकडे वळल्या, "सगळ्या गाद्यांवर सूट आहे, तर माझी कधी बदलणार? सहा वर्षं सांगतेय मध्ये खड्डा पडलाय म्हणून."

"आई, इथे नको ना..."

"मग कुठे? दुकानात गेलं की म्हणतोस घरी बोलू, घरी म्हणतोस दुकानात ये. आता लिहून लावलंयस. रविवारपर्यंत."

अशा रीतीने पिवळ्या फ्लेक्सवरची पहिली गादी शेठच्याच घरी गेली. पुढच्या आठवडाभरात बाकीच्याही बऱ्याच गेल्या, आणि शोकेसमधली, तीन वर्षं ऊन खाल्लेलीसुद्धा, कारण ती वीस टक्क्यांत पाहून एका गिऱ्हाइकाने पन्नास मागितले आणि शेठनी एका दमात दिले.

हंगाम संपला तसा पुतणीने काकांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाटेत म्हणाली, "स्टूल तुमचाच आहे. पण यापुढे खालच्या कोपऱ्यातलं बारीक मी वाचणार आणि लांबचं तुम्ही. वाटणी." काकांनी मान हलवली. वाटणी त्यांना मंजूर होती.

आधी उजवा डोळा झाला, मग डावा. महिनाभराने पेंटर स्टुलावर येऊन बसले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी दुकानाला नावं ठेवली. मशीनवर धूळ आहे. तक्त्याचा एक कोपरा वाकडा चिकटवलाय. पुतणीच्या केसांत तीन पांढरे आहेत. मग खणात हात घालताना त्यांना मेहुण्यांची जुनी काड्यापेटी सापडली, सोनेरी. त्यांनी सहज हात लांब केला, कोपर न वाकवता, आणि वाचलं.

"पन्नास," ते पुटपुटले. "फुलं. 'भव्य'सुद्धा लागतंय." त्यांचा चेहरा उतरला. "पोरी, घात झाला. मला दिसायला लागलं. आता मी कसला पास करणारा?"

पुतणी आत गेली. काकांचा जुना चष्मा काढला, दोन्ही काचांवर ट्रेसिंग पेपर कापून चिकटवला, दांडीला दोरी बांधली आणि तो स्टुलाच्या डोक्यावर खिळ्याला टांगला.

"घाला बघू."

काकांनी घातला. धुकं परत आलं, अगदी तेच, ओळखीचं. काड्यापेटी पुन्हा सोनेरी शाल झाली.

"हां," ते समाधानाने म्हणाले. "आता दिसलं."

तेव्हापासून त्या दुकानात नमुना पास करायचा तर आधी गिऱ्हाइकाने खिळ्यावरचा चष्मा घालायचा, हात लांब करायचा आणि जे दिसेल ते मोठ्याने सांगायचं, असा नियम झाला. पेंटर स्टुलावरून ऐकतात. लोक कुरकुरतात, पण घालतात. एका वकिलांनी तर चष्मा काढून आपल्या नावामागच्या पदव्या स्वतःच खोडल्या.

परवा मेहुणे आले. त्यांच्या कंपनीचा वार्षिक मेळावा, चौकात मोठा फ्लेक्स लावायचा, एकाहत्तर शब्द. कोणी काही सांगायच्या आत त्यांनी काड्यापेटी मागितली, खिळ्यावरचा चष्मा घातला आणि हात लांब केला. कोपर सरळ होतं. बराच वेळ ते तसेच उभे राहिले.

मग चष्मा काढला. "यातले किती ठेवायचे, काका?"

"किती दिसले?"

"चार."

"मग चार."

"त्यातलं एक आमच्या साहेबांचं आडनाव आहे."

"बरं झालं सांगितलंत," पेंटर म्हणाले आणि मार्कर हातात घेतला. "मग तीन."